मराठीत आणि हिंदीत एकच ओळ: लग्नाच्या वाढदिवसाच्या कार्डासाठी

विचारणा: ‘आई पुण्याची, बाबा भोपाळचे. त्यांच्या लग्नाला पंचवीस वर्षे होत आहेत. कार्डावर अशी एकच छोटी ओळ हवी आहे, जी आईच्या माहेरची माणसे मराठी म्हणून वाचतील आणि बाबांकडची हिंदी म्हणून. “२५ वर्ष, सुखी सहवास” चालेल का?’

ही ओळ छापू नये असे माझे मत आहे, कारण ती दोन्हीकडे अडते. मराठीत ‘वर्ष’ नपुंसकलिंगी असल्यामुळे त्याचे अनेकवचन ‘वर्षे’ होते, बोलताना ‘वर्षं’. ‘२५ वर्ष’ वाचताना पुण्याच्या पाहुण्यांना काहीतरी छापायचे राहून गेले असे वाटेल. हिंदीत तोच शब्द पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही ‘वर्ष’च राहतो, म्हणून तिकडे ती चूक दिसत नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘सहवास’ हा मराठीत अत्यंत सोज्ज्वळ शब्द आहे. थोरामोठ्यांचा, मित्रांचा, पुस्तकांचाही सहवास आपल्याला लाभतो. हिंदीत मात्र आज हा शब्द प्रामुख्याने शरीरसंबंधाच्या अर्थाने वाचला जातो, आणि मुलांनी आईवडिलांना दिलेल्या कार्डावर तो पाहून भोपाळची आजी काय म्हणेल याचा विचार आधीच केलेला बरा.

तुम्ही जे मागत आहात त्याला संस्कृत साहित्यशास्त्रात नाव आहे. एकाच शब्दावलीतले वाक्य अनेक भाषांत जसेच्या तसे बसते, तेव्हा त्याला ‘भाषासम’ म्हणतात. विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त त्याची गणना अलंकारांत केली आहे, आणि भट्टिकाव्याचा तेरावा सर्ग संस्कृत आणि प्राकृत अशा दोन्ही भाषांत वाचता येईल असा रचलेला आहे. अर्धे वाक्य मराठी आणि अर्धे हिंदी अशी मिसळ ही निराळी गोष्ट आहे, तुमच्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही.

मराठी आणि हिंदीची लिपी एक आणि तत्सम शब्दांचा साठा बराचसा समान असल्यामुळे हे काम सोपे वाटते, पण शब्द वाक्यात शिरला की दोघींचे रस्ते फुटतात. ‘चा-ची-चे’ आणि ‘का-की-के’, ‘आहे’ आणि ‘है’ हे भेद उघड आहेत. त्याहून चिवट अडथळा आपल्या सामान्यरूपाचा आहे: हिंदी ‘घर में’ म्हणते तेव्हा ‘घर’ तसेच राहते, मराठी ‘घरात’ म्हणते तेव्हा शब्दाचे अंगच बदलते. म्हणून अशा ओळीत क्रियापद नको, विभक्तिप्रत्यय नको, आणि नाम शक्यतो प्रथमेतच असावे. ‘आणि’ व ‘और’ यांच्या जागी ‘व’ ठेवता येतो, कारण तो दोन्ही लिखित भाषांत चालतो. विशेषणे ‘सुंदर’, ‘मधुर’, ‘अखंड’ यांसारखी, लिंगाप्रमाणे न बदलणारी निवडावीत. ‘अतूट’ घेऊ नये, कारण हिंदीत तो ‘अटूट’ असा लिहितात आणि तो एक ‘त’ सगळी ओळ परकी करून टाकतो. ‘जोडी’ हा या प्रसंगाचा अगदी हक्काचा शब्द, पण हिंदीला तिथे ‘ड’खाली टिंब लागते, म्हणून तोही बाद होतो.

संख्येचे मात्र भाग्य मोठे आहे. अक्षरांत लिहायची तर ‘पंचवीस’ की ‘पच्चीस’ हे ठरवावे लागेल. अंकांत ‘२५’ लिहिले की प्रत्येक जण ते आपापल्या भाषेत उच्चारतो. आता या अंकापुढे असे नाम हवे, ज्याचे अनेकवचन दोन्ही भाषांत एकवचनासारखेच राहते. मराठीत हा गुण पुल्लिंगी अकारान्त नामांत आहे आणि हिंदीतल्या अशाच नामांतही आहे. काळ मोजणारे, दोन्हीकडे पुल्लिंगी आणि शुभ वाटणारे नाम शोधू गेले की ‘वसंत’ हाती लागतो. इतके वसंत पाहिले, असे आपण म्हणतो आणि हिंदीभाषकही म्हणतात. तेव्हा पहिला अर्धा भाग ‘२५ वसंत’ असा पक्का झाला.

दुसऱ्या अर्ध्या भागासाठी माझी सूचना अशी आहे:

२५ वसंत, एक संसार

‘एक’ दोन्ही भाषांत एकच आहे. ‘संसार’ हा शब्द मराठीत पहिल्यांदा घर उभे करतो: चूल, भांडीकुंडी, मुलेबाळे, दोघांनी मिळून ओढलेला गाडा. हिंदीत तो पहिल्यांदा जग सांगतो. पुण्याचे पाहुणे ‘पंचवीस वसंत आणि एक घर’ असे वाचतील, भोपाळचे ‘पंचवीस वसंत आणि एकच जग’ असे. आणि हिंदीतल्या ‘घर-संसार’ या जोडशब्दामुळे तिकडच्या वाचकालाही घराचा अर्थ अंधुकपणे दिसत राहील. काटेकोर बोलायचे तर इथे आपण भाषासमाकडून भाषाश्लेषाकडे सरकलो, कारण शब्द एक आणि अर्थ भाषागणिक थोडा वेगळा. मला ही ओळ त्यामुळेच अधिक आवडते: दोन्ही अर्थ खरे आहेत आणि दोन्ही त्या जोडप्याचेच आहेत.

दोन अर्थ नेहमीच असे गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. ‘२५ वसंत, एक राग’ ही ओळ हिंदीत संगीतमय वाटेल. मराठी माणसाच्या कानावर आधी संताप येईल आणि सूर मागून. ‘रजत जयंती’ हिंदीत अगदी रूढ आहे, पण आपल्याकडे रौप्यमहोत्सव असतो, आणि जयंती म्हटले की दिवंगत थोर व्यक्तीची हार घातलेली तसबीर आठवते. हयात आईवडिलांच्या कार्डावर तो शब्द नको.

प्रेमाचा उल्लेख हवाच असेल तर ‘प्रीती’ शब्दाकडे जरा जपून जावे. आपल्या १९६२ च्या लेखननियमांनुसार शब्दाच्या शेवटी आलेला इकार दीर्घ लिहायचा, म्हणून मराठीत ‘प्रीती’ आणि हिंदीत ‘प्रीति’. पण हाच शब्द समासाच्या पूर्वपदी आला की मराठीतही ऱ्हस्व राहतो, त्यामुळे ‘प्रीतिबंधन’ दोन्हीकडे एकाच रूपात लिहिता येते. हिंदीभाषकांना लग्नपत्रिकेतल्या ‘प्रीतिभोज’मुळे असा समास ओळखीचा असतो. ‘२५ वसंत, अखंड प्रीतिबंधन’ हा पर्याय म्हणून शुद्ध आहे, फक्त ‘संसारा’इतका घरगुती नाही.

ओळ पक्की करण्यापूर्वी ती दोन माणसांना दाखवावी: ज्याला हिंदी फारशी येत नाही असा एक मराठी वाचक, आणि ज्याला मराठी मुळीच येत नाही असा एक हिंदी वाचक. दोघांनाही तिचे पूर्ण वाक्य करायला सांगावे. पूर्ण करताना कोणी छापलेला शब्द बदलून घेतला, किंवा ‘हे हिंदीतले आहे ना?’, ‘यह मराठी है क्या?’ असे विचारले, तर ओळ त्या भाषेत बसलेली नाही असे समजावे. दोन्ही भाषा येणाऱ्याला ही परीक्षा देता येत नाही, कारण त्याचे मन अडलेल्या जागी आपोआप दुसरी भाषा वापरते.

ओळीखाली नावे घालताना आणखी एक काळजी घ्यावी. हिंदीच्या सवयीने ‘श्रीमती व श्री’ असे लिहावेसे वाटेल आणि व्याकरणाने ते दोन्हीकडे बरोबरच आहे. पण मराठी घरांतली जुनी माणसे नवरा हयात असलेल्या स्त्रीला ‘सौ.’ लावतात आणि ‘श्रीमती’ वाचून त्यांच्या मनात चर्र होते. दोघांची पहिली नावे ‘व’ने जोडून, कोणतीही उपाधी न लावता छापावीत.