कारभार पारदर्शक, कापड झिरझिरीत

प्रश्न : नेट, ट्यूल, मेश, जॉर्जेट या सगळ्यांसाठी मराठीत ‘पारदर्शक कापड’ एवढं म्हटलं तर चालेल का? झिरझिरीत आणि विरविरीत यांत काही फरक आहे का?

पहिल्याचं उत्तर नाही, दुसऱ्याचं हो. ‘पारदर्शक’ मला काचेला चालतो, कारभाराला तर रोज चालवून घेते, तिथे काही दिसत नसलं तरी. पण परवा एका जाहिरातीत ‘पारदर्शक नेट जॉर्जेट दुपट्टा’ असं वाचलं आणि चहा गार झाला. नेट असेल तर ते जॉर्जेट नाही. जॉर्जेट असेल तर ते नेट नाही. आणि दोन्हींपैकी काहीही असलं तरी ते काचेसारखं पारदर्शक नाही.

खात्री करून घ्यायची असेल तर दिवसाउजेडी पांढरी मच्छरदाणी लावून बघा. आत बसलेल्याला बाहेरची खोली छान दिसते, बाहेरच्याला आतला माणूस धूसर दिसतो. कापड तेच, भोकं तीच. बाहेरचा उजेड पांढऱ्या धाग्यांवर पडून बघणाऱ्याच्या डोळ्यांत परत येतो आणि त्यात आतलं बुडून जातं. संध्याकाळी आत दिवा लावला की उलटं होतं. काळ्या जाळीचे धागे उजेड फारसा परतवत नाहीत, म्हणून तेवढ्याच भोकांची काळी जाळी पांढरीपेक्षा जास्त आरपार वाटते. तेव्हा असं कापड किती दिसू देईल हे रंगावर आणि दिवा कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. एका ‘पारदर्शक’मध्ये हे कसं मावणार?

आता माझ्या आवडत्या शब्दाकडे येते, कारण त्याच्यासाठीच मी हे लिहायला बसले आहे. झिरझिरीत. संस्कृत ‘क्षर्’ म्हणजे वाहणं, पाझरणं. प्राकृतात त्याचा ‘झर’ झाला, आणि तिथून आपल्या घरात केवढं गोत आलं बघा : झरा, झरणं, झिरपणं, झारी आणि स्वयंपाकघरातला झारा. पुरी तळताना झारा वर उचलला की तेल खाली झिरतं आणि पुरी वर राहते. झिरझिरीत कापडही तेच करतं, फक्त तेलाच्या जागी उजेड. ज्यातून उजेड झिरतो ते झिरझिरीत. (झरोका या गोतात घालायचा मोह मलाही होतो, पण त्याची वंशावळ वेगळी सांगतात, म्हणून तो दाराबाहेर.) एका भाषाप्रेमी स्नेह्यांचं म्हणणं, हा नुसता ध्वन्यनुकारी शब्द आहे, चुळबुळ-वळवळसारखा. त्यांनी एकदा झारा हातात घेऊन पुऱ्या तळाव्यात, मग बोलू.

पण झाऱ्याची भोकं दिसतात आणि झिरझिरीत कापडाची दिसत नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. खरी वाटणी तिथेच आहे. भोक डोळ्यांना दिसतं, सुई सहज आरपार जाते, ते जाळीदार. नेट, ट्यूल, मेश ही मंडळी या बाजूला. भोक दिसत नाही, उभेआडवे धागेच इतके बारीक आणि विरळ की उजेड त्यांच्यामधून पाझरतो, ते झिरझिरीत. शिफॉन, जॉर्जेट, जुनी मलमल या बाजूला. ‘तलम’ला यात ओढू नका. तलम म्हणजे धागा बारीक आणि स्पर्श मऊ. चांगलं धोतर तलम असूनही दाट असू शकतं, आणि मच्छरदाणी आरपार असून तलम मुळीच नसते.

जाळीदारांतही ‘मेश’ला मराठी शब्द नाही असं एका अनुवादकाने मला ठणकावून सांगितलं होतं. आहे की! मेश म्हणजे मुळात जाळीतलं एक घर, आणि त्याला आपले मच्छीमार ‘आस’ म्हणतात. आस केवढा आहे यावर कुठली मासळी अडकणार आणि कुठलं पिल्लू सुटणार ते ठरतं. मत्स्यव्यवसायाच्या सरकारी नियमांतही जाळ्याच्या आसाचा आकार मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. शब्द किनाऱ्यावर जिवंत आहे, कापडाच्या दुकानात पोचला नाही, एवढंच. मोठ्या आसाचं नेट, बारीक आसाचं ट्यूल, असं म्हणून बघा, काम होतं की नाही.

ट्यूलबद्दल मात्र एक भांडण मिटवायचं आहे. संस्कृतात ‘तूल’ म्हणजे कापूस, म्हणून ट्यूल आपलंच, असा एक संदेश दर लग्नसराईत फिरतो. ट्यूल हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव आहे आणि गावाचं नाव ‘तुतेला’ या लॅटिन शब्दावरून आलं, म्हणजे रक्षण. कापसाचा काही संबंध नाही. हिंदीच्या नादाने आपण एखाद्या गोष्टीला ‘तूल देतो’, तो तूल तर अरबी, म्हणजे लांबी. तीन तूल, तिघांचे बाप वेगळे. आज आपण वापरतो तसली यंत्राची जाळी मुळात इंग्लंडातली. जॉन हीथकोटने १८०८-०९ मध्ये पेटंटं घेतली. त्याच्या यंत्रात आडवे धागे उभ्या धाग्यांना वेटोळे घालत तिरके जातात आणि षटकोनी घरं तयार होतात. १८१६ मध्ये यंत्रांवर रागावलेल्या लोकांनी त्याचा लफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा तो बाडबिस्तरा घेऊन डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. एवढं सोसून नाव मात्र फ्रेंच गावाचं झालं.

धागे असे एकमेकांत अडकलेले असतात म्हणूनच जाळी कशीही कापा, कडेने उसवत नाही. जॉर्जेट कापलं की कडेला झिपऱ्या सुटतात. दुकानदार काहीही म्हणो, कापलेल्या कडेवर नख घासा. धागा हाती आला तर जॉर्जेट, नाही आला तर नेट.

जॉर्जेट हे नाव जॉर्जेट द ला प्लांत या फ्रेंच शिवणकर्तीचं. त्या कापडाची गंमत पिळात आहे. धाग्याला खूप पीळ देतात, त्यातही दोन धागे उजव्या पिळाचे, दोन डाव्या पिळाचे, असे उभ्यातही आणि आडव्यातही. रेशमाचं असेल तर विणून झाल्यावर उकळून त्यातला नैसर्गिक डिंक काढतात. डिंक गेला की पिळलेले धागे मोकळे होऊन आपापल्या दिशेला वळायला बघतात, आणि सगळं कापड बारीक दाणेदार होतं. म्हणून जॉर्जेट हाताला किंचित खरबरीत लागतं, पण अंगावर लोळतं. ऑर्गेन्झामध्ये तोच डिंक राहू देतात, म्हणून ती ताठ उभी राहते. यासाठी ‘कडक’ शब्द वापरू नका, कडक इस्त्री असते आणि कडक चहा. ऑर्गेन्झा ताठ, जॉर्जेट पडतं. आमचे शिंपीकाका तसंच म्हणतात : ‘हे पडतं कापड आहे, याचा घेर फुगणार नाही.’

हे त्यांनी म्हटलं भाचीच्या साखरपुड्याच्या वेळी. तिने ‘सॉफ्ट नेट’ म्हणून घागऱ्याचं कापड घरबसल्या मागवलं. फोटोत घागरा छत्रीसारखा फुललेला. काकांनी गठ्ठा उलगडला, कडेवरून नख फिरवलं, चार धागे माझ्या तळहातावर ठेवले. जॉर्जेट. त्याचे चार थर लावले असते तरी घागरा पायांना चिकटून लोंबला असता, वर वजन वाढलं असतं ते वेगळंच. शेवटी जॉर्जेटचा दुपट्टा झाला, पिको करून, आणि घागऱ्यासाठी नवीन जाळी आणली.

थर कसे लावले ते सांगते, कारण इथेच शब्द उपयोगी पडतात. अंगाला लागून सॅटिनचं अस्तर. त्यावर ताठ, मोठ्या आसाची नायलॉनची जाळी, तिला बाजारात कॅनकॅन म्हणतात. घेर उभा धरण्याचं काम तिचं एकटीचं. तिची कापलेली कड नडगीला ओरखडते, म्हणून काकांनी त्या कडेला सॅटिनची पट्टी लावली आणि ती अस्तरापेक्षा चार बोटं आखूड ठेवली. सगळ्यात वर बारीक आसाच्या मऊ ट्यूलचे दोन थर. एका थरातून खालचं सॅटिन स्वच्छ चमकत होतं. दुसरा चढवला तेव्हा रंग गहिरा झाला आणि चमक धुकट झाली. एक थर निम्मा उजेड जाऊ देत असेल तर दोन थर साधारण पाव, तीन थर आठवा हिस्सा. म्हणून तिसऱ्याला काकांनी हात लावू दिला नाही. शिवाय जाळीवर जाळी सरकली की आसांच्या लाटा उमटतात, चालताना त्या हलतात. भाचीला आवडल्या, तिच्या आईला गरगरायला लागलं.

राहिलं विरविरीत. नव्या कापडाला हा शब्द लावलात तर दुकानदार दुखावेल. हा शब्द ‘विरणं’मधून आला आहे, विरळमधून नव्हे, असं माझं मत आहे आणि ते मी सोडणार नाही. कापड विरतं ते वापरून आणि धुऊन : सुती धाग्याचा तंतू झिजतो, पोत राहतो पण जीव जातो. झिरझिरीत हा कापडाचा जन्मजात गुण, विरविरीत ही म्हातारपणाची अवस्था. नायलॉनची जाळी विरत नाही, कुठेतरी अडकून टर्रकन फाटते. पॉलिएस्टरचं जॉर्जेटही विरत नाही, घट्ट शिवलं तर शिवणीपाशी धागे सरकून फसकतं. विरतात सुती लुगडी आणि चादरी. आमची आजी उजेडासमोर चादर धरायची, मधोमध विरली असेल तर उभी फाडून दोन फाळके करायची, कडेच्या धडक्या बाजू मध्ये आणून शिवायची आणि विरलेला भाग गादीखाली खोचायला कडेला टाकायची. लुगडं विरलं की गोधडीच्या आत.