शहाण्णव पानांचं मूत्रपिंड

"मॅडम, माझ्याकडे सगळं आहे. पुस्तकाची पानं स्कॅन करून ठेवली आहेत, लेक्चरची रेकॉर्डिंग्ज आहेत, सरांनी दिलेले हँडआउट्स आहेत. सगळं एका फाइलमध्ये धडावार आणायचं म्हणून दोन आठवडे बसले, तर एकाच धड्याची ९६ पानं झाली. आता ती फाइल उघडायचीच भीती वाटते. परीक्षा सहा आठवड्यांवर आली. हे चालू ठेवू की सोडून देऊ?"

ती शरीरक्रियाशास्त्र शिकत होती आणि धडा होता मूत्रपिंडाचा. ती बोलत असताना मी लॅपटॉप माझ्याकडे वळवून फाइल खालीवर केली. पहिली २२ पानं पुस्तकातून उचललेली, मग हँडआउटच्या चित्रांची १४, आणि उरलेल्या ६० पानांत लेक्चर शब्दशः उतरवून काढलेलं. माणूस मिनिटाला सव्वाशे-दीडशे शब्द सहज बोलतो. म्हणजे तासाभराचं लेक्चर उतरवलं की साडेसात ते नऊ हजार शब्द होतात, आणि त्यात "कळलं का?", "मागच्या बाकावर आवाज कमी" हेही आलंच. हिने तेसुद्धा टाइप केलं होतं. कष्टांत कसूर नव्हती. तिन्ही गोष्टी एकाखाली एक ठेवल्या होत्या, एकत्र मात्र केल्या नव्हत्या. मूत्रपिंडाच्या सूक्ष्म एककांतली, वृक्काणूंतली रक्ताची गाळणी, म्हणजे ग्लोमेरुलर फिल्ट्रेशन, त्या फाइलमध्ये तीन ठिकाणी होती आणि तिन्ही ठिकाणी ओळखीची वाटत होती.

मी म्हटलं, "फाइल फेकू नकोस, फक्त बाजूला ठेव. आधी एक कोरा तक्ता कर."

तक्त्याला चार रकाने होते: उपमथळा, पुस्तकाचं पान, रेकॉर्डिंग आणि मिनिट, हँडआउट क्रमांक. उपमथळे पुस्तकातून घ्यायला सांगितले. हिने आधी लेक्चरच्या तारखांचा क्रम धरला होता, आणि तिथेच गाडी अडली होती. शिकवणारा माणूस वर्गात मागे जातो, पुढचं आधी सांगतो, घंटा झाली की अर्ध्यावर सोडतो. पुस्तकात मात्र एका गोष्टीतून दुसरी निघते त्या क्रमाने मांडणी असते. प्रश्नपत्रिका हँडआउटवरूनच निघत असेल तर हँडआउटचे मथळे धरावेत. कणा कोणताही चालेल, पण एकच हवा.

रेकॉर्डिंगच्या रकान्यासाठी पुन्हा सगळं ऐकायचं नव्हतं. दीडपट वेगाने पळवायचं, विषय बदलला की मिनिट टिपायचं, बस. पन्नास मिनिटांचं एक रेकॉर्डिंग असं अर्ध्या-पाऊण तासात हातावेगळं झालं. दुसऱ्या भेटीत तिने १९ ओळींचा तक्ता आणला. त्यातली 'क्लिअरन्स'ची ओळ माझ्या लगेच डोळ्यांत भरली: पुस्तकाची चार पानं, हँडआउटचं एक, रेकॉर्डिंगचा रकाना रिकामा. त्या दिवशी ती गैरहजर होती आणि हे तिच्या लक्षातच नव्हतं. ९६ पानांत ही फट कधी दिसली नसती.

मग आम्ही गाळणीची एकच ओळ पुरी केली. पुस्तकातला तेवढाच भाग वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत दहा-बारा ओळी लिहायच्या. हा झाला मूळ मजकूर. त्यावर हँडआउट ठेवायचं आणि त्यातलं जास्तीचं किंवा वेगळं तेवढंच घ्यायचं. रेकॉर्डिंग सगळ्यांत शेवटी, तेही फक्त टिपलेल्या मिनिटांपाशी. त्यातून तीनच गोष्टी फाइलमध्ये येऊ शकतात: पुस्तकात नसलेलं, सरांनी वेगळ्या तऱ्हेने समजावलेलं, आणि सरांनी सोडून द्या किंवा नक्की करा म्हणून सांगितलेलं. प्रत्येक ओळीपुढे खूण करायची, 'पु. २१४', 'रे. ३–२३:१०', 'हँ. २' अशी. ही खूण कंटाळवाणी वाटते, पण शंका आली की मूळ जागा सापडायला दुसरा मार्ग नसतो.

पहिल्याच ओळीत किती गाळलं जातं याचे तीन आकडे समोर आले. पुस्तकात मिनिटाला १२५ मिलीलीटर, हँडआउटात १२०, आणि सर रेकॉर्डिंगमध्ये म्हणतात १८०. तिने तिन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मी तिला कॅल्क्युलेटर दिला. १२५ गुणिले दिवसाची १४४० मिनिटं, म्हणजे १,८०,००० मिलीलीटर, म्हणजेच १८० लिटर. सर दिवसाचं सांगत होते आणि एकक ऐकायचं राहून गेलं होतं. १२० हा त्याच सरासरीचा जरा सोपा केलेला आकडा. फाइलमध्ये एकच वाक्य राहिलं: 'मिनिटाला सुमारे १२५ मि.ली., दिवसाला १८० लि.; हँडआउटात १२०.'

दुसरी विसंगती जास्त घातक होती. तिच्या उतरवलेल्या लेक्चरात होतं, 'ॲफरंट आवळली की फिल्ट्रेशन वाढतं.' पुस्तकात नेमकं उलट. "सर चुकले असतील का?" तिने हळूच विचारलं. आम्ही त्या जागेच्या एक मिनिट आधीपासून ऐकलं. रेकॉर्डिंग मागच्या बाकावरून केलेलं, पंख्याचा आवाज, आणि ॲफरंट-इफरंटमधला पहिला स्वर पार विरलेला. पण पुढचंच वाक्य स्पष्ट होतं: "बाहेरची वाट अरुंद झाली, मग आत दाब वाढणारच ना?" म्हणजे सर इफरंटबद्दल, रक्त बाहेर नेणाऱ्या धमनिकेबद्दल बोलत होते. रक्त आत आणणारी ॲफरंट आवळली तर आत येणारं रक्त आणि दाब दोन्ही कमी होतात आणि गाळणंही घटतं. तेव्हापासून तिचा नियम ठरला: रेकॉर्डिंग पुस्तकाविरुद्ध गेलं तर एक शब्द नाही, कारण सांगणारं वाक्य ऐकायचं. तरीही पटलं नाही तर खूण करून सरांनाच विचारायचं.

एक गोष्ट मी तिला जरा कठोरपणे सांगितली. ही फाइल करताना अभ्यास झाल्यासारखा वाटतो आणि फाइल वाचताना तर फारच. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला तो आठवून लिहायला सांगितला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. म्हणून प्रत्येक उपमथळ्याखाली उत्तराच्या आधी प्रश्न लिहायला लावला, 'इफरंट आवळली तर काय होईल आणि का?' असा, आणि उत्तर पुढच्या पानावर. उजळणीच्या दिवशी आधी फक्त प्रश्नाचं पान उघडायचं.

मूत्रपिंडाचा धडा १८ पानांत बसला. त्याला नऊ-दहा तास लागले, तेही तक्ता तयार असताना. हिशेब केला तर सहा आठवड्यांत सगळे धडे असे होणार नव्हते. म्हणून वर्गात गोंधळ उडालेले चार धडे पूर्ण करायचे आणि बाकीच्यांचा फक्त तक्ता करून थेट पुस्तकातून वाचायचं ठरलं. परीक्षा आठ-दहा दिवसांवर असती तर मी तिला सगळ्याच धड्यांत तक्त्यावर थांबवलं असतं.

तिसऱ्या भेटीला ती आली तेव्हा क्लिअरन्सचा रिकामा रकाना भरलेला होता. मैत्रिणीकडून त्या दिवसाचं रेकॉर्डिंग मागितलं होतं, सरांना विचारून. जुनी ९६ पानांची फाइल अजून ठेवली आहेस का, असं मी विचारलं. "आहे," ती म्हणाली, "पण नाव बदललंय. 'उघडू नये'."