वार आणि वेळ सांग

प्रिय बाळा,

वडिलांचं डायलिसिस सोमवार-गुरुवारी ठरलंय आणि अंबडच्या कंपनीत तू अजून कुणालाच बोलला नाहीस, हे वाचून मी अस्वस्थ झालो. "बघतो, करतो मॅनेज" म्हणे! कसं करणार? तुझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते, मशीनचा स्लॉट फिरत नाही.

आधी सायबांना वार आणि वेळ सांग. क्रिएटिनिन किती, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही नको. सकाळी 7 ते 11 मशीन, जाणं-येणं धरून बाराला घरी, एवढं पुरे. वर एकच वाक्य जोड: डायलिसिस चुकलं तर अंगात पाणी साचून धाप लागते, म्हणून ऑडिट असलं तरी ते पुढे ढकलता येत नाही. सायबांना हे ठाऊक नसतं, त्यांना ती साधी दवाखान्याची फेरी वाटते.

आता मागायचं काय? सुट्टी नको मागूस, कायम सेकंड शिफ्ट माग. साडेतीन ते बारा. दोन्ही सकाळी मोकळ्या मिळतात, एकही रजा जात नाही. फक्त सोमवारची बदली मागशील तर फसशील. रात्री बाराला सुटून मंगळवारी सातला परत फर्स्टला उभा राहशील, झोप कुठली? आणि नाइट करून थेट वडिलांना गाडीवर बसवून नेणं तर मुळीच नको. सेकंड कुणालाच आवडत नाही, त्यामुळे तुझ्या जागी फिरायला माणूस मिळेल. त्याच्याशी आधी बोल, मग दोघांच्या सहीनं अर्ज दे. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असंही त्यात लिही. डायलिसिसनंतर वडील गळून जातात, म्हणून त्या दोन संध्याकाळी घरी कोण थांबणार, हे मात्र तुझ्या ताईशी आजच ठरव.

हक्काची रजा दर 20 दिवसांच्या कामामागे 1 दिवस, एवढीच साठते. ती अचानक ॲडमिट करावं लागेल तेव्हासाठी ठेव. आणि स्वतःच्या आजारपणाचं खोटं सर्टिफिकेट? अजिबात नाही. ईएसआयची आजारपणाची भरपाई तुझ्या आजारासाठी असते. तू त्यात असशील, तर तुझ्यावर अवलंबून असलेल्या वडिलांना उपचार मिळू शकतात, त्याची चौकशी कर.

माझ्या आईच्या वेळी मी असेच वार लिहून दिले होते. त्या वर्षी बढती दुसऱ्याला मिळाली. लोक म्हणाले, तोंड उघडलं म्हणून गेली. गेली असेल. पण माझ्या शिफ्टवर मशीन कधी माणसावाचून थांबलं नाही, कारण मी कधी नसणार ते सगळ्यांना माहीत होतं. न सांगता दांडी मारणाऱ्यालाच बेजबाबदार म्हणतात, वार सांगणाऱ्याला नाही. यावर मी आजही कुणाशीही भांडेन.

उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जा, सुटताना नको, तेव्हा सायबांना घरची घाई असते. वार आणि वेळ कागदावर लिहून ने. काय म्हणाले ते मला रात्री कळव, मी जागा असतो.

तुझा काका