कडव्याखालचा उतरता बास

प्रश्न : मी एका उदास कवितेला चाल लावली आहे. कडव्यात ए मायनर, एफ आणि ई हेच कॉर्ड फिरत राहतात आणि ते सपाट वाटते. बास पायरीपायरीने खाली आणला तर फरक पडेल का? की आणखी कॉर्ड घालावेत?

आणखी कॉर्ड घालू नका. मी अनेक वर्षे सुगम संगीताच्या कार्यक्रमांत बास गिटार वाजवतो आणि कडवे सपाट वाटले की कॉर्ड वाढवायचे, ही आपल्याकडच्या संयोजकांची सवय मला मुळीच मान्य नाही. कॉर्ड बदलला की गाण्याखालची जमीनच बदलते आणि श्रोत्याचे लक्ष शब्दांवरून वादकांकडे जाते. बास उतरतो तेव्हा वरचे सगळे जागच्या जागी राहते आणि तरीही प्रत्येक पायरीला त्याचा अर्थ वेगळा ऐकू येतो. उदासीला नेमके हेच हवे असते.

तुमचा सा पांढरी सहा, म्हणजे ए आहे असे धरतो. बास सा पासून खालच्या पंचमापर्यंत अर्ध्याअर्ध्या स्वराने आणायचा : सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. केरव्यात पहिल्या आवर्तनात सा आणि शुद्ध नी चार-चार मात्रा, दुसऱ्यात कोमल नी आणि शुद्ध ध तसेच, तिसरे आवर्तन पूर्ण कोमल धैवतावर आणि चौथे पूर्ण पंचमावर ठेवावे. सुरुवातीला बासचा उतार वेगाने आणि शेवटी संथ, अशी ही मांडणी मी मुद्दाम सुचवतो, कारण सहाही पायऱ्या सारख्या लांबीच्या केल्या तर ती सरावाची सरगम वाटते. तुमचा एफ आणि ई कॉर्ड शेवटच्या दोन आवर्तनांत आपसूक येतो, म्हणजे मूळ आराखडा मोडत नाही, फक्त ए मायनरच्या खालची जागा भरली जाते.

आता माझ्या मर्मावरची गोष्ट सांगतो. पुण्यातल्या एका स्टुडिओत कवितांच्या ध्वनिमुद्रणासाठी मला बोलावले होते. एका कडव्यात गायिका ‘आता’ या शब्दाच्या शेवटच्या आकारावर कोमल गंधार धरून बराच वेळ थांबत होती आणि संयोजकांनी खाली नुसता ए मायनर ठेवला होता. सगळे चहाला गेले असताना मी त्या ताईंना म्हणालो, “ताई, तुम्ही फक्त तो गंधार धरून ठेवा, मी खालून उतरतो.” पहिल्या पायरीला बासच्या सा वर त्यांचा स्वर कोमल गंधारच होता. बास शुद्ध निषादावर गेला तेव्हा त्या पायरीपासून मोजता तोच स्वर शुद्ध गंधाराच्या अंतरावर आला, पण वर पंचम धरलेला असल्यामुळे त्यात गोडवा न येता एक प्रकारचा कडवटपणा आला. कोमल निषादावर तो शुद्ध मध्यम झाला, शुद्ध धैवतावर तीव्र मध्यम झाला आणि तिथे अंगावर काटा आला. कोमल धैवतावर तो पंचम होऊन क्षणभर विसावला. शेवटी बास पंचमावर गेला तेव्हा तो कोमल धैवताच्या अंतरावर उभा राहिला आणि ताई कुणी न सांगता गंधारावरून रिषभावर उतरल्या, कारण कोमल धैवतावरून पंचमावर उतरण्याची ती ओढ आपल्या कानाला लहानपणापासून ठाऊक असते. तोवर त्यांनी स्वर सोडला नव्हता, शब्द बदलला नव्हता, आवाज वाढवला नव्हता, तरीही एका आकाराच्या सहा छटा झाल्या. कडव्याला रंग देणे म्हणजे काय ते यापेक्षा स्पष्ट मला सांगता येणार नाही.

संयोजक परत आल्यावर त्यांनी ऐकले आणि म्हणाले, “बासने ठेका धरायचा असतो, गाणे सांगायचे नसते.” त्यावर वाद झाला. तडजोड म्हणून त्यांनी माझी ओळ ठेवली, पण कीबोर्डवाल्याला डाव्या हाताने खालचा सा धरून ठेवायला सांगितले, ‘पाया मजबूत राहावा’ म्हणून. इथे ती ओळ मेली. कॉर्डचा रंग सर्वांत खालचा स्वर ठरवतो. माझ्या निषादाच्या खाली कीबोर्डचा सा वाजू लागला की माझा निषाद हा पाया राहत नाही, मधला एक बेसूर वाटणारा स्वर होतो. मग साहजिकच सगळ्यांना ती जागा खटकली आणि शेवटी मुद्रणात नुसता सा राहिला. पुढे त्याच ताईंबरोबर एका छोट्या मैफिलीत कीबोर्डशिवाय, फक्त गिटार, बास आणि तबल्यावर ते कडवे वाजवले, तेव्हा त्या जागेला श्रोत्यांतून दाद आली. ती ओळ चूक नव्हती, हे मी आजही तितक्याच ठामपणे सांगेन.

म्हणून पहिली तपासणी ही करा : बासच्या खाली कुणीही जाता कामा नये. कीबोर्डचा डावा हात बंद, पॅड असेल तर त्यातला खर्ज काढून टाकलेला, गिटारवाल्याने मोकळी पाचवी तार छेडायची नाही आणि मोबाइलवरचा तानपुरा चालू असेल तर तोही या कडव्यापुरता हळू ठेवायचा. ओळ खटकते अशी तक्रार आली तर आधी बास आणि आवाज एवढेच ऐका. तेवढ्यात ती गोड लागत असेल तर दोष ओळीचा नाही, मध्ये कुणीतरी सा दडवून बसले आहे.

दुसरी खरी अडचण शुद्ध निषादाच्या पायरीवर येते. ए मायनरमध्ये सा आहेच आणि त्याच्या अगदी खाली जी शार्प आला की दोघांची टक्कर होते. काहींना ती टक्कर आवडते, मला संथ कडव्यात ती आवडत नाही. तेवढ्या चार मात्रा वरच्या कॉर्डमधला सा काढून तिथेही जी शार्पच घ्यावा, म्हणजे जी शार्प, सी आणि ई एवढेच स्वर उरतात. एकट्या गिटारवर वाजवणार असाल तर सहा पायऱ्या जाड तारेपासून अशा पडतात :

```
x02210
4x2110
3x2210
2x2210
1x2210
022100
```

दुसऱ्या ओळीत करंगळी जाड तारेच्या चौथ्या पट्टीवर जाते आणि तिनेच पाचवी तार अलगद दाबून मुकी करायची. पाचव्या ओळीत जाड तारेची पहिली पट्टी अंगठ्याने वरून दाबावी लागते. ते जमत नसेल तर तो स्वर बासवाल्यावर सोडून द्या. चौथ्या पायरीवर पुष्कळ जण सवयीने डी मेजर घेतात, कारण एफ शार्प त्यातही आहे. ते चुकीचे नाही, पण तिथे एकदम उजेड पडतो. कडवे उदासच ठेवायचे असेल तर वर ए मायनर तसाच धरून खाली एफ शार्प येऊ द्यावा. शेवटच्या पायरीवर मात्र ई मेजरच हवा, ई मायनर नको. त्यातला शुद्ध निषाद पुन्हा सा कडे खेचतो आणि फेरा नव्याने सुरू करण्याचे कारण मिळते.

चालीकडेही बघावे लागेल. दुसऱ्या पायरीवर तुमचा गाता स्वर सा वर किंवा कोमल निषादावर टेकत असेल तर तो बासशी भांडेल. अशा वेळी चाल बदलू नका, पायरीची वेळ दोन मात्रा पुढेमागे करा. आणि प्रत्येक ओळ नेमकी बासच्या फेऱ्याबरोबर संपू देऊ नका. हेन्री परसेलच्या ‘डायडो अँड इनीअस’ या सतराव्या शतकातल्या ऑपेराच्या शेवटी डायडोचा विलाप आहे. त्यात बास हाच अर्ध्या स्वरांचा उतार सा पासून पंचमापर्यंत घेतो, मग सा वर परततो, आणि हा पाच मापांचा फेरा पुन्हापुन्हा फिरत राहतो. पण गायिकेची वाक्ये त्या फेऱ्याच्या शिवणीवरून पलीकडे जातात, त्यामुळे बास तोच असूनही गाणे तुकड्यांत पडत नाही. तुमच्या कवितेत एखादी ओळ लांब असेल तर तिला असेच पलीकडे जाऊ द्या.

काही मर्यादा सांगायला हव्यात. हा उतार दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत घेतो. पिलूसारख्या मोकळ्या वळणाच्या चालीला ते सहज पेलते, पण चाल आसावरीच्या अंगाची आणि गायकही तिथेच मुरलेला असेल तर शुद्ध निषाद-धैवत खाली वाजताना त्याचा कोमल धैवत डळमळू शकतो. अशा ठिकाणी सा, कोमल नी, कोमल ध, प एवढ्या चारच पायऱ्या घ्याव्यात, प्रत्येकीला एक आवर्तन. त्यात कडवटपणा कमी आणि गंभीरपणा जास्त असतो. दुसरे असे की सगळ्या कडव्यांना हा उतार दिला तर तिसऱ्या कडव्यापर्यंत त्याची सवय होऊन जाते. धृवपदात बास सा वर स्थिर ठेवा आणि कवितेत जिथे खरोखर तोल जातो त्याच कडव्याला उतार द्या. तिसरे, गाणे लोक मोबाइलवर ऐकणार असतील तर बास गिटारचा खालचा ए ५५ हर्ट्‌झचा आणि ई ४१ हर्ट्‌झचा असतो, ते मूळ कंपन फोनचा छोटा स्पीकर देऊ शकत नाही. तीच ओळ दोन सप्तके वर चेलोवर किंवा गिटारवर हलकेच जोडा, म्हणजे उतार सर्वांना ऐकू येईल. मात्र तिच्या खाली दुसरे काही येऊ देऊ नका.

आणि तुमच्या गाण्याला संयोजक असतील व त्यांनीही ‘पाया मजबूत’ करायचे म्हटले, तर मुद्रणाआधीच त्यांना सांगा की या कडव्यात पाया चालता आहे आणि तो बासच्या हातात आहे. ते मानले नाहीत तर बाकी सर्वांना थांबवून गायिकेला फक्त बासबरोबर ते कडवे एकदा म्हणायला लावा आणि निर्णय तिला करू द्या, कारण खालचा स्वर हलल्याचा परिणाम सर्वांत आधी तिच्या गळ्याला कळतो.