तुम्ही, मग काहीच नाही, मग तू

"एकाच ऑफिसातले दोन लाजरे सहकारी, गोष्ट फक्त त्यांच्या मेसेजेसमधून. तीनदा लिहिली, पण दरवेळी पाचव्या मेसेजलाच प्रेम उघडं पडतं. हळूहळू कसं करायचं?"

प्रेम शब्दांत आणूच नका, ते संबोधनात सरकू द्या. आपल्याकडे तुम्ही आणि तू यांच्या मधे एक आडोसा आहे: "जेवण झालं का?", "निघायचं का?" यात ना तू, ना तुम्ही. तुम्ही म्हणणं परकं वाटायला लागलंय आणि तू म्हणायची छाती नाही, असा माणूस आठवडेच्या आठवडे याच वाक्यांवर काढतो. तुमची निम्मी गोष्ट तिथेच घडू द्या.

समजा, बँकेची शाखा आहे आणि मार्च एंड जवळ आलाय. आपण त्याच्या फोनमध्ये बघतोय.

१४ मार्च
"सर, तुमची कॅश टॅली झाली का? डे-एंड करायचाय."
"हो मॅडम. दहा रुपयांचा फरक होता, सापडला."

२७ मार्च
"आज डबा आणलाय का?"
"हो. भेंडी आहे."
"बरं."
अकरा मिनिटांनी: "भेंडी चालते."

सर-मॅडम कधी गळलं, हे दोघांनाही कळलेलं नाही. वाचकालाही तुम्ही सांगू नका. ती अकरा मिनिटं मात्र छापा. तो तेवढा वेळ काय करत होता, ते वाचक बरोबर ओळखतो.

३१ मार्च, रात्री ११:५२
"पोहोचलास का?"
११:५३ला तोच मेसेज: "पोहोचलात का?" खाली बारीक अक्षरात Edited.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज १५ मिनिटांच्या आत बदलता येतो. जुना मजकूर दिसेनासा होतो, पण ती खूण राहते. म्हणून फोन कुणाचा, हे आधी ठरवावं लागतं. त्याने पहिला मेसेज वाचलाय हे वाचकाला दिसलं नाही, तर सगळा प्रसंग वाया जातो.

"हो, आत्ताच. आधीचं बरोबर होतं."

माझ्या पहिल्या खर्ड्यात तो इथे "मला तू म्हटलेलं आवडतं" असं लिहीत होता. मैत्रिणीने वाचून विचारलं, हा लाजरा कुठून? ओळ काढली.

आणखी एक. प्रत्येक ओळीआधी नावं लिहीत बसू नका; "निघालो" आणि "निघाले" यांवरूनच कळतं कोण बोलतंय. समवयस्क असतील तर मात्र हे सगळं फसेल, कारण कितीतरी ऑफिसांत पहिल्याच दिवशी अरे-तुरे सुरू होतं. तिला चार-पाच वर्षं सीनियर करा, किंवा त्याला नुकताच बदलीवर आलेला दाखवा. म्हणजे ते तुम्ही खरं वाटेल.