एफडी मोडण्याआधी फरशीचा हिशोब

प्रश्न: जुळे सोलापुरात आमचं घर आहे. आई (वय 72) बाथरूममध्ये दोनदा घसरली. दोन्ही बाथरूम, बाहेरच्या पायऱ्या आणि रॅम्प मिळून ठेकेदार 1,10,000 सांगतो. दुसरा म्हणतो, बाथरूमना केमिकल लावून 9,000 मध्ये भागेल. अडीअडचणीसाठी ठेवलेली 3 लाखांची एफडी मोडू का?

ताई, पूर्ण एफडी मोडू नका. पण आईंच्या बाथरूमचं काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तेवढं एकच बाथरूम आधी करा. 1,10,000 मध्ये त्याचा वाटा किती, ते ठेकेदाराकडून वेगळं लिहून घ्या. बँक एफडीतून थोडीच रक्कम काढू देत असेल तर तेवढीच काढा, नाहीतर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. पूर्ण एफडी मोडली आणि व्याज एक टक्क्याने कापलं, तर 3 लाखांवर वर्षाला 3,000 रुपये जातात.

9,000 चं केमिकल मला स्वस्त वाटत नाही. ते टाइलच्या चकाकीवर डोळ्यांना न दिसणारे खड्डे पाडतं आणि सुरुवातीला पकड खरंच येते. पण बोअरच्या पाण्याचे क्षार आणि साबणाचा थर त्या खड्ड्यांत बसला की फरशी पुन्हा गुळगुळीत, म्हणजे पुन्हा खर्च. कुणाला करायचंच असेल तर आधी कोपऱ्यातल्या एका टाइलवर लावून घ्यावं, साबणाचं पाणी ओतून ओला पाय घासून बघावा.

नवी टाइल घेताना खोक्यावरच्या आर-10, आर-11 या पकडीच्या श्रेणीवर थांबू नका. तिची चाचणी बूट घालून, तेलकट पृष्ठभागावर होते. अनवाणी ओल्या पायांसाठी ए, बी, सी अशी वेगळी श्रेणी असते. न्हाणीत बी मागा. सी जास्त धरते, पण खरखरीत टाइलमध्ये मळ अडकतो आणि आईंना रोज घासणं जमणार नाही. लहान टाइल घेतली तर सांधे वाढतात, त्यांचाही पायाला आधार होतो.

ठेकेदार जुन्या फरशीवरच नवी बसवू म्हणेल. नको म्हणा. फरशी सेंटिमीटरभर तरी वर येते, उंबऱ्याची उंची कमी होते आणि पाणी खोलीत येतं. जुनी काढून, वॉटरप्रूफिंग करून, जाळीकडे उतार नीट काढायला सांगा. काम झाल्यावर बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांनी कुठे डबकं राहिलं तर शेवटचा हप्ता देऊ नका.

पायऱ्या शहाबादी असतील तर बदलायची गरजच नाही. पाथरवटाकडून कडेच्या चार बोटं पट्टीला टाकी मारून घ्या. चिकटपट्टी लावू नका, आपल्या उन्हात तिचा गोंद सुटतो आणि उचललेल्या कडेत पाय अडकतो. शहाबादी धुताना ॲसिडही नको, तो चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं.

रॅम्पला कोबा करून ओला असतानाच आडव्या खाचा पाडा, पण आधी उतार मोजा. एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. त्याहून उभा असेल तर फिनिशवर पैसे घालू नका, आधी लांबी वाढवा. हे आणि दुसरं बाथरूम दर महिन्याच्या बचतीतून दिवाळीपर्यंत करता येईल.