'सुसंगत', 'स्थिर' आणि 'अभिसारी': लॅक्सच्या प्रमेयातले तीन शब्द

प्रश्न: "फायनाइट डिफरन्सवर मराठीत टिपण लिहितोय. कन्सिस्टन्सी, स्टॅबिलिटी, कन्व्हर्जन्स यांना सातत्य, स्थिरता, अभिसरण लिहिलंय, चालेल का? आणि खरं सांगायचं तर तिन्हीत फरक काय तेच नीट कळत नाही, 'स्कीम बरोबर आहे' एवढंच तिन्ही सांगतात ना?"

'सातत्य' तेवढं आधी खोडा. व्यायामात कन्सिस्टन्सी पाहिजे म्हणतो तिथे सातत्य एकदम बरोबर, पण गणितात तो शब्द कंटिन्युइटीने केव्हाच घेतलाय, वाचणारा हमखास फसेल. इथे 'सुसंगतता' लिहा. तो शब्द मला आवडतो कारण 'सुसंगत' म्हटलं की लगेच 'कशाशी?' असं विचारावंसं वाटतं, आणि हाच प्रश्न तिन्ही शब्दांना विचारला की तुमचा गोंधळ सुटतो. सुसंगतता म्हणजे स्कीमचं मूळ समीकरणाशी जुळणं. स्थिरता हा स्कीमचा स्वतःपुरता गुण, त्यात मूळ समीकरणाशी तुलना नाहीच. आणि अभिसरण म्हणजे स्कीमने काढलेलं उत्तर खऱ्या उत्तराकडे जाणं. म्हणजे एकात समीकरणांची तुलना, एकात कसलीच नाही, एकात उत्तरांची. आपल्याला हवं असतं ते तिसरं, पण खरं उत्तर हातात नसतं (असतं तर स्कीम कशाला लिहिली असती), म्हणून ते थेट तपासता येत नाही. पहिली दोन मात्र कागदावर तपासता येतात. ती दोन मिळाली की तिसरं आपोआप मिळतं, हे पीटर लॅक्स आणि रॉबर्ट रिक्टमायर यांच्या १९५६च्या पेपरमधलं प्रमेय.

आता एक उदाहरण हाताने करून बघू, उष्णतेचं समीकरण `u_t = u_xx`. सळईवर `dx` अंतराने बिंदूंची जाळी धरायची आणि `dt` वेळेच्या पायऱ्यांनी पुढे जायचं, तर सगळ्यात साधी स्कीम अशी:

```
नवीन[j] = r*जुनं[j-1] + (1-2r)*जुनं[j] + r*जुनं[j+1]
r = dt / dx^2
```

सुसंगतता तपासायची म्हणजे मूळ समीकरणाचं खरं, गुळगुळीत उत्तर या स्कीममध्ये घालायचं आणि टेलरने उलगडून काय उरतं ते बघायचं. `dt`ने भागल्यावर इथे मुख्यतः `(dt/2) u_tt - (dx^2/12) u_xxxx` एवढं उरतं, बाकी त्याहून लहान; या उरलेल्यालाच ट्रंकेशन एरर म्हणतात. `dt` आणि `dx` शून्याकडे नेले की हे शून्याकडे जातं, म्हणजे स्कीम सुसंगत. यात `r` किती ठेवायचा याची अट कुठेच आली नाही हे लक्षात ठेवा, `r = 1/4` असो की `r = 1`, सुसंगततेच्या परीक्षेत दोन्ही पास.

आता `r = 1` घेऊ. नियम फार सोपा होतो, नवीन किंमत म्हणजे दोन्ही शेजाऱ्यांची बेरीज वजा स्वतःची जुनी किंमत. सगळीकडे ० आणि मधल्या एका बिंदूवर १ अशी सुरुवात करा, म्हणजे सळईच्या मध्यावर थोडी उष्णता ठेवलीय असं समजा:

```
             1
         1  -1   1
     1  -2   3  -2   1
 1  -3   6  -7   6  -3   1
```

प्रत्येक ओळीची बेरीज १च येते, म्हणजे एकूण उष्णता बरोबर जपली जातेय, म्हणून पहिल्या नजरेत सगळं ठीक वाटू शकतं. पण चिन्हं काढून बेरीज करा: १, ३, ९, २७. दर पायरीला तिप्पट! आणि खुणेची गोष्ट म्हणजे प्लस-मायनस-प्लस-मायनस असे करवतीसारखे दात. उष्णता पसरताना असे दात कधीच वाढत नाहीत, त्यामुळे ग्राफवर ते वाढताना दिसले की समजायचं स्थिरता गेली. `r = 1/4` घेतलं तर तीच सुरुवात पहिल्या पायरीला १/४, १/२, १/४ होते आणि चिन्हं काढूनही बेरीज १च राहते, कितीही पायऱ्या चाला. सीमा येते `r = 1/2`वर, कारण तिथपर्यंत `1-2r` हा गुणक ऋण होत नाही आणि नवीन किंमत ही जुन्या किमतींची सरासरीच राहते.

म्हणून 'स्थिर' शब्दाबद्दल थोडी काळजी घ्या. आपण स्थिर म्हणजे हलत नाही ते, असं समजतो, स्थिरांकही त्यातूनच आला. इथे उत्तर हललं, बदललं, वाढलं तरी चालतं. अट एवढीच की ठरलेल्या वेळेपर्यंत, `T`पर्यंत, सुरुवातीचा डेटा `K` पटीपेक्षा जास्त फुगू नये आणि हा `K` जाळी कितीही बारीक केली तरी तोच राहावा. या शेवटच्या अटीतच सगळं आहे. वरच्या `r = 1`मध्ये `dx = 0.1` घेतलं तर `dt = 0.01`, `T = 0.1`ला पोचायला १० पायऱ्या, म्हणजे फुगण्याचा आकडा साधारण ३चा १०वा घात, ५९ हजार. `dx` अर्धं केलं की पायऱ्या ४० होतात आणि आकडा १च्या पुढे १९ शून्यं एवढा जातो. जाळी बारीक केल्यावर उत्तर सुधारायच्या ऐवजी असं बिघडायला लागलं तर ट्रंकेशन एररला दोष देत बसू नका.

आता दोन गोष्टींतून तिसरी कशी निघते ते. चूक म्हणजे स्कीमचं उत्तर वजा खरं उत्तर. स्कीम रेषीय असल्यामुळे ही चूकही स्कीमच्याच नियमाने पुढे जाते, फक्त दर पायरीला तिच्यात थोडी नवीन चूक पडते आणि ती किती तर `dt` गुणिले ट्रंकेशन एरर `τ`. समजा तिसऱ्या पायरीला पडलेली चूक शेवटपर्यंत गेली, तर स्थिरतेमुळे ती फार तर `K` पट होईल, सातव्या पायरीचीही `K` पटच. पायऱ्या एकूण `T/dt`, प्रत्येकीचा वाटा फार तर `K·dt·τ`, बेरीज केली की `dt` कटतो आणि उरतं `K·T·τ`. सुसंगततेमुळे `τ` शून्याकडे जातो आणि `K`, `T` जागच्या जागी, म्हणजे चूक शून्याकडे. झालं. मला या सिद्धतेत सगळ्यात सुंदर वाटतं ते कामाचं वाटप, सुसंगतता सांगते दर पायरीला चूक किती पडली आणि स्थिरता सांगते पडलेली चूक पुढे किती वाढू शकते, दोघी एकमेकींच्या कामात अजिबात हात घालत नाहीत.

प्रमेयाला 'समतुल्यता' प्रमेय का म्हणतात तेही यातच येतं, कारण आतापर्यंत सांगितली ती एकच दिशा. पूर्ण विधान असं: मूळ समस्या रेषीय आणि सुस्थित असेल, म्हणजे तिचं उत्तर असतं, एकच असतं आणि डेटा जरासा बदलला तर जरासंच बदलतं, आणि स्कीम सुसंगत असेल, तर स्थिरता आणि अभिसरण समतुल्य. समतुल्य आहेत ते हे दोन शब्द, सुसंगतता आधीच गृहीत धरलेली. उलट दिशेला फंक्शनल अ‍ॅनालिसिसमधलं बानाख-श्टाइनहाउस प्रमेय लागतं आणि ते सांगतं की स्कीम अस्थिर असेल तर कुठला तरी एक सुरुवातीचा डेटा असा असतोच ज्यावर ती फसते. 'कुठला तरी' म्हणजे प्रत्येक नव्हे. `r = 1` ठेवून, दोन्ही टोकांना ० धरून `sin(πx)`पासून सुरुवात केली आणि गणित अगदी अचूक केलं तर तीच अस्थिर स्कीम बरोबर उत्तराकडे जाते, कारण साइनच्या या एका लाटेत करवतीचे दात मुळी नसतातच. पण कॉम्प्युटर अचूक गणित करत नाही, डबल प्रिसिजनमध्ये १च्या आसपासच्या आकड्यात साधारण `1e-16`ची राउंडऑफ चूक येते आणि तिच्यात दातांचा अंश असतोच. तिप्पट होत होत ती चाळीसेक पायऱ्यांत मूळ उत्तराला गिळते. म्हणून प्रोग्राम थोडाच वेळ चालवून 'चाललं' म्हणायचं नाही.

आता 'अभिसरण'. शब्द रूढ आहे, वापरा, पण रक्ताभिसरणामुळे काहींना गोल फिरणं आठवतं, म्हणून मी शक्यतो 'अभिसारी' हे विशेषण वापरते आणि 'कशाकडे' ते सोबत लिहिते. ते लिहायलाच पाहिजे हे ड्यूफोर्ट आणि फ्रँकेल यांच्या १९५३च्या स्कीमवरून कळतं. त्यांनी वेळेतला फरक मागच्या आणि पुढच्या वेळेच्या किमतींमध्ये घेतला, मधल्या जुन्या किमतीच्या जागी त्याच दोन किमतींची सरासरी घातली, आणि स्कीम कुठल्याही `r`ला स्थिर झाली! पण टेलर उलगडला की `(dt/dx)^2 u_tt` असं एक पद जास्तीचं उरतं. `dt` हे `dx`पेक्षा जलद शून्याकडे नेलं तर ते पद जातं आणि सगळं बरोबर. दोघांचं गुणोत्तर १ ठेवून जाळी बारीक केली तर ते पद तसंच राहतं आणि स्कीम इमानाने `u_tt + u_t = u_xx`च्या उत्तराकडे जाते, जिथे उष्णता ठराविक वेगाने लाटेसारखी पुढे सरकते. ग्राफ गुळगुळीत, दात नाहीत, जाळी बारीक केली की उत्तर स्थिरावतंही, फक्त समीकरण दुसऱ्याचं. अशी चूक नुसतं ग्राफकडे बघून सापडत नाही, टेलरच करावा लागतो किंवा ज्याचं उत्तर माहीत आहे अशा उदाहरणावर पडताळावं लागतं.

शेवटी तुमच्या टिपणात 'रेषीय' शब्द गाळू नका. वर चूक स्कीमच्याच नियमाने पुढे जाते असं म्हटलं ते केवळ रेषीयतेमुळे. समीकरणात `u·u_x` सारखं पद आलं की दोन उत्तरांची वजाबाकी तोच नियम पाळत नाही आणि प्रत्येक पायरीची चूक वेगळी धरून बेरीज करायची ही युक्ती तिथेच थांबते.